थंडगार एसी ऑफिस आणि बाहेर उकाडा: पातळ कपड्यांच्या थरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपडे सगळे पातळच आहेत, तरी तीन थर घातले की फुगल्यासारखं का दिसतं?

कारण फुगवटा कापडाच्या जाडीमुळे येत नाही, आतल्या कपड्याच्या जादा घेरामुळे येतो. हिशोब करून पाहा. आतला होजिअरी टी-शर्ट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, सुती शर्टाचं कापड पाव ते तीन दशांश मिलिमीटर आणि बारीक विणीचा स्वेटर एक-सव्वा मिलिमीटर. तिन्ही मिळून दोन मिलिमीटर होतात. अंगाभोवती दोन मिलिमीटरचा थर चढला की छातीचा घेर जेमतेम सव्वा सेंटिमीटरने वाढतो. एवढा फरक डोळ्याला कळतही नाही.

आता घेराकडे बघा. तुमची छाती ९६ सेंटिमीटर आहे, शर्ट ११६ चा आहे आणि त्यावर १०२ चा स्वेटर घातला. शर्टाचं १४ सेंटिमीटर कापड स्वेटरच्या आत मावतच नाही. ते दुमडतं, आणि प्रत्येक चुणीत कापडाचे तीन पदर एकावर एक बसतात. या चुण्या काखेजवळ, पाठीच्या खालच्या भागात आणि पट्ट्याच्या वर गोळा होतात, आणि वरून स्वेटर ताणलेला असल्याने त्या उठून दिसतात. दिसण्यातला जाडपणा तो एवढाच. म्हणून आणखी पातळ कापड शोधत बसण्याआधी आतल्या कपड्यांचा घेर कमी करा.

मग प्रत्येक थराचं माप किती असावं?

छाती ९६ सेंटिमीटर धरून सांगतो. तुमच्या मापाप्रमाणे तेवढाच फरक ठेवा. कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. लेबलवरच्या ‘एम’ किंवा ‘एल’वर विसंबू नका.

सगळ्यात आतला, ताणणारा थर ८८ ते ९२ चा हवा, म्हणजे अंगापेक्षा थोडा लहान. तो अंगालगत राहिला पाहिजे, पण श्वास घेताना आवळता कामा नये. त्यावरचा शर्ट १०४ च्या आसपास. त्यावर बारीक विणीचा स्वेटर किंवा कार्डिगन १०० ते १०४. विणलेलं कापड ताणतं, म्हणून ते शर्टापेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी असलं तरी चालतं. त्याहून कमी असेल तर शर्टाच्या चुण्या पडायला सुरुवात होते. जॅकेट असेल तर १०८ ते ११०.

छाती जुळली तरी दोन जागा दगा देतात. एक म्हणजे मुंढा. शर्टाचा मुंढा खोल आणि बाही रुंद असेल, तर ती स्वेटरच्या अरुंद बाहीत कोंबली जाते आणि दंडावर गाठोडं होतं. आतल्या कपड्याचा मुंढा काखेच्या जवळ, वर बसणारा असावा. ढगळ, वटवाघळी पद्धतीच्या बाह्यांचा कपडा थरांमध्ये आतला म्हणून कधीच चालत नाही. त्याला सगळ्यात बाहेरच ठेवा. दुसरी जागा कंबर. तिथे बनियन, शर्ट, स्वेटरची पट्टी, ट्राउझरची पट्टी आणि बेल्ट असं सगळं एकाच उंचीवर येऊन साचतं. उपाय असा: फक्त शर्ट आणि बनियन ट्राउझरच्या आत ठेवायचे, स्वेटर बाहेर. बनियनची लांबी नितंबाच्या मधोमध संपली पाहिजे, म्हणजे तिची कड पट्ट्याच्या बरीच खाली, सपाट राहते. स्वेटर पट्ट्याच्या चार-पाच सेंटिमीटर खाली संपावा. कडा अशा वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्या की एकावर एक साचत नाहीत.

शर्ट आधीच ढगळ असेल आणि नवा घ्यायचा नसेल, तर खोचताना दोन्ही बाजूंच्या शिवणींपाशी जादा कापड चिमटीत धरून मागे दुमडा आणि मग पट्टा आवळा. चुणी पाठीमागे सपाट बसते. दिवसभर टिकेलच असं नाही, पण बसून काम असेल तर बऱ्यापैकी टिकते. कायमचा उपाय हवा असेल तर शिंप्याकडून बाजूच्या शिवणी आत घेऊन घ्या.

नीट बसलंय की नाही हे आरशात कसं ओळखायचं?

सगळे थर घालून दोन्ही हात डोक्यावर न्या, खाली आणा आणि काहीही न सावरता स्वतःकडे बाजूने बघा. शर्ट पट्ट्यातून फुग्यासारखा बाहेर आला असेल तर तो आखूड आहे किंवा मुंढा फार खाली आहे. दंडावर आडव्या वळ्या दिसल्या तर बाह्यांचा घेर जुळत नाही. वरचा कपडा वर चढून तिथेच अडकला तर दोन कापडांमध्ये घर्षण जास्त आहे: खरखरीत सुती कापडावर केसाळ लोकर असं होतं. अशा वेळी आतला शर्ट गुळगुळीत विणीचा घ्या, किंवा वरच्या जॅकेटच्या निदान बाह्यांना तरी अस्तर असू द्या.

ऑफिसात पोचल्यावर पहिला अर्धा-पाऊण तासच सर्वांत जास्त थंडी वाजते. एसी तेव्हा जास्त असतो का?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही ओले असता, म्हणून थंडी वाजते.

उकाड्यातून चालत आल्यावर आतल्या कपड्यात आणि शर्टाच्या पाठीत घाम मुरलेला असतो. थंड, कोरड्या हवेत तो भराभर वाळतो आणि वाळताना उष्णता खेचतो. एक ग्रॅम घाम वाळायला साधारण २.४ किलोज्यूल उष्णता लागते. कपड्यात ५० ग्रॅम घाम असेल तर ती १२० किलोज्यूल होते. स्वस्थ बसलेलं शरीर सेकंदाला साधारण ११० ज्यूल उष्णता तयार करतं, म्हणजे तुमच्या अंगात अठरा-एक मिनिटांत तयार होणाऱ्या सगळ्या उष्णतेइतकी ही किंमत आहे. ती सगळी अंगातूनच जाते असं नाही, काही भाग खोलीतल्या हवेतूनही येतो. पण कपडा कातडीला चिकटलेला असेल तर बराचसा वाटा तुमचाच असतो.

शिवाय ओलं कापड ऊब धरत नाही. कपड्याची ऊब धाग्यांपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते. त्या हवेच्या जागी पाणी आलं की संपलं, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणूनच ओल्या शर्टावर स्वेटर चढवूनही कुडकुडायला होतं, आणि लोकांना वाटतं की स्वेटर कमी पडतोय.

पोचल्याबरोबर स्वेटर घालावा की थांबावं?

थांबावं, पण एसीच्या झोताखाली बसून नाही. चालणं थांबलं तरी शरीर पुढची पाच-दहा मिनिटं घाम सोडतच असतं. त्या वेळात स्वेटर घातला तर उरलेला घाम त्यात मुरतो आणि तुमचा एकमेव कोरडा थर ओला होतो.

आधी वॉशरूममध्ये जा. लहान, पातळ सुती पंचाने किंवा टॉवेलने मान, पाठ, काखा आणि छाती टिपून घ्या, घासू नका. शक्य असेल तर आतला टी-शर्ट काढून कोरडा घाला. या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फायदा याच एका बदलाचा आहे, आणि तोच बहुतेक जण टाळतात. मग मनगटांवरून गार पाणी सोडा, त्याने तापलेलं अंग लवकर निवतं. दहा-पंधरा मिनिटांनी, पाठीला हात लावून ती कोरडी लागली की स्वेटर घाला. अंगावर काटा येईपर्यंत वाट पाहू नका. एकदा गारठलं की पातळ थराला ती ऊब परत आणायला फार वेळ लागतो. असलेली ऊब टिकवायला मात्र तो पुरेसा असतो.

काढलेला टी-शर्ट ओला असतानाच बॅगेत कोंबू नका. हँगरवर किंवा खुर्चीच्या मागे आडोशाला टांगा. एसीची हवा कोरडी असते, दुपारपर्यंत तो वाळतो आणि परतीच्या प्रवासाला तोच घालता येतो. कोरडा जोड मग घरी कोरडाच जातो.

प्रवासात आत टी-शर्ट घातला तर जास्त उकडणार नाही का? तो घालायचाच कशाला?

थोडं उकडेल. पण पातळ, अंगालगतच्या टी-शर्टाने पडणारा फरक फार लहान असतो आणि त्याच्या बदल्यात वरचा शर्ट घामाने माखत नाही. दिवसभर अंगावर राहणारा शर्ट कोरडा ठेवणं हे आतल्या थराचं खरं काम आहे. ओला झालेला टी-शर्ट दोन मिनिटांत बदलता येतो. ओला शर्ट बदलायचा तर इस्त्रीचा दुसरा शर्ट सोबत लागतो.

आतला थर बिनबाह्यांचा नको. काखेतला घाम टिपायला लहान का होईना, बाही लागतेच. गळा शर्टाच्या उघड्या बटणाच्या तीन-चार सेंटिमीटर खाली असावा. आणि पांढऱ्या शर्टाच्या आत पांढरा टी-शर्ट उठून दिसतो, त्याच्या बाह्यांच्या कडा बाहेरून रेघेसारख्या कळतात. तुमच्या कातडीच्या रंगाच्या जवळचा रंग घेतला तर तो दिसत नाही.

आतला थर कोणत्या कापडाचा?

हे तुम्ही तो ऑफिसात बदलणार की नाही यावर ठरतं.

बदलणार असाल तर सुती चालेल. सूत घाम भरपूर शोषतं, अंगाला टोचत नाही. दोष एवढाच की ते ओलं झाल्यावर वाळायला वेळ लावतं. बदलणार नसाल तर सूत टाळा. पॉलिस्टर धागा स्वतः जवळपास पाणी पीत नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतो आणि लवकर वाळतो. पण त्याला वास लवकर धरतो आणि एका धुण्यात तो नेहमी जात नाही. तिसरा पर्याय मेरिनो लोकर, १२० ते १५० जीएसएमची. ती ओली झाली तरी कातडीला चपचपीत लागत नाही आणि वास फार उशिरा धरते. उकाड्यात लोकर ऐकून दचकू नका. या वजनाची लोकर नेहमीच्या टी-शर्टाइतकी किंवा त्याहूनही पातळ असते. मात्र ती नाजूक असते, बॅगेच्या पट्ट्याखाली खांद्यावर लवकर विरते आणि गरम पाण्यात धुतली तर आटते.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. शर्टासाठी १०० ते १२०, आतल्या टी-शर्टासाठी १५० पर्यंत. १८० च्या पुढचा टी-शर्ट बाहेर एकटा घालायला छान, थरांत आत घालायला नको.

‘थर्मल’ म्हणून मिळणारे, आतून केसाळ असलेले कपडे या कामाला चुकीचे आहेत. ते बाहेर काढता येत नाहीत आणि प्रवासात तुम्हाला उकडून काढतात. ऊब देणारा थर नेहमी बाहेरचा, काढता येणारा असावा.

नेमके किती थर पुरेत? अंदाज कसा बांधायचा?

कपड्यांची ऊब मोजायला ‘क्लो’ हे एकक वापरतात. १९४१ साली ते मांडलं गेलं. पूर्ण सूट घातलेल्या माणसाच्या कपड्यांची ऊब म्हणजे अंदाजे १ क्लो. ऑफिसच्या हवेसाठी वापरल्या जाणाऱ्या आयएसओ ७७३० या मानकानुसार बसून काम करणाऱ्याला ०.५ क्लो कपड्यांत २४.५ अंश आणि १ क्लो कपड्यांत २२ अंश तापमान योग्य वाटतं. म्हणजे अर्ध्या क्लोला अडीच अंश, किंवा ०.२ क्लोला एक अंश. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता एक दिवस मांडून पाहू. बाहेर ३५ अंश, ऑफिसात २२. प्रवासात अंगावर आतले कपडे ०.०४, पातळ टी-शर्ट ०.०८, पूर्ण बाह्यांचा शर्ट ०.२५, पातळ ट्राउझर ०.१५, मोजे-बूट ०.०४. बेरीज ०.५६. चालताना बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि वरचं बटण उघडं ठेवलं की ती आणखी थोडी उतरते. ऑफिसात बसल्यावर खुर्चीची गादी पाठ आणि मांड्या झाकते, तिचे ०.१ धरा: झाले ०.६६. एवढ्यावर साधारण २३.७ अंशांपर्यंत निभतं. २२ साठी आणखी ०.३४ हवेत. पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर ०.२५ देतो, बिनबाह्यांचा पातळ स्वेटर ०.१३. दोन्ही घातले की एकूण बेरीज १.०४ होते आणि काम भागतं. दुसरा मार्ग म्हणजे एकच पातळ जॅकेट, ०.३६. ऊब जवळजवळ तितकीच, पण जॅकेट दिवसातून पाच वेळा घालता-काढता येतं आणि त्याची चौकट ताठ असल्याने आतल्या चुण्याही झाकल्या जातात. फुगीर दिसण्याचीच चिंता असेल तर जॅकेट निवडा.

हे आकडे कोरड्या कपड्यांचे आणि जवळपास स्थिर हवेचे आहेत. अंगावर झोत येत असेल तर हिशोब बदलतो.

माझ्या डोक्यावरच एसीचं व्हेंट आहे. दोन स्वेटर घालूनही गार लागतं.

स्वेटरची वीण सच्छिद्र असते. स्थिर हवेत ती उत्तम ऊब धरते, पण झोत तिच्या आरपार जाऊन अडकलेली हवा उडवून लावतो. इथे तिसरा स्वेटर उपयोगाचा नाही. सगळ्यात वर घट्ट विणीचं, मागावर विणलेलं पातळ कापड हवं: बारीक पॉपलिनचा ओव्हरशर्ट किंवा अस्तराचं पातळ जॅकेट. बारीक स्वेटर त्याच्या आत. वजन तेवढंच, ऊब बरीच जास्त.

मान आणि घोटे झोताला सर्वांत आधी दाद देतात. मानेसाठी रेशीम किंवा पातळ लोकरीचा, साधारण ७० बाय १८० सेंटिमीटरचा स्कार्फ एकदाच गुंडाळा आणि टोकं जॅकेटच्या आत सपाट सोडा. गाठ मारली की गळ्याशी गोळा होतो आणि तोच फुगवटा वाटतो.

शेजारच्या टेबलावरचा माणूस अर्ध्या बाह्यांत मजेत बसतो. मलाच का गार लागतं?

त्यात तुमचं काही चुकत नाही. बसल्या जागी तयार होणारी उष्णता प्रत्येकाची वेगळी असते. तापमान ठरवण्याच्या जुन्या गणितात ती पुरुषाच्या शरीरावरून धरलेली आहे. २०१५ साली किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट या डच संशोधकांनी दाखवलं की त्यामुळे स्त्रियांची उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त मोजली जाते. कमी स्नायू असलेल्या आणि वयस्क माणसांचंही तसंच होतं. तेव्हा वरच्या हिशोबात खुशाल ०.१ ते ०.२ क्लो जास्त धरा.

टाइप करताना बोटं गारठतात. हातमोजे घालावेत का?

आधी छाती-पोटावर एक थर वाढवा. धड थंड पडू लागलं की शरीर बोटांकडचा रक्तपुरवठा आखडतं, म्हणून बोटांची तक्रार बरेचदा मुळात धडाची असते. बिनबाह्यांचा बारीक स्वेटर शर्ट आणि जॅकेटच्या मध्ये घातला की बाह्यांत गर्दीही होत नाही. त्यानंतरही गार लागलं तर मनगटं झाकणारे, बोटं मोकळी ठेवणारे पट्टे वापरा. बोटं पांढरी पडून बधिर होत असतील तर कपड्यांवर न सोडता डॉक्टरांना दाखवा.

ट्राउझरच्या आत लेगिंग घातलं तर?

घालू नका, निदान घरून तरी नाही. उकाड्यात ते काढायला जागा नसते, गुडघ्यामागे घाम साचतो आणि ट्राउझर मांडीला धरून चढते. त्याऐवजी ऑफिसात मोजे बदला. प्रवासातले मोजे घामाने दमट झालेले असतात. गुडघ्यापर्यंतचे पातळ लोकरी मोजे घातले की घोट्याशी लागणारा झोतही अडतो. स्कर्ट किंवा ड्रेस असेल तर हेच लांब मोजे आणि गुळगुळीत अस्तर पुरतं.

कपडे एकमेकांना आणि अंगाला चिकटतात, चटचट आवाज येतो. काय करावं?

कोरड्या हवेत दोन कृत्रिम कापडं एकमेकांवर घासली की स्थिर वीज साठते. पॉलिस्टरवर नायलॉन हे वाईट जोडपं आहे. एक थर सुती किंवा व्हिस्कोसचा ठेवा, आणि तळहात किंचित ओला करून आतल्या बाजूने फिरवा.

रोज ने-आण करू की स्वेटर ऑफिसातच ठेवू?

जॅकेट ऑफिसात, चांगल्या रुंद हँगरवर ठेवा. खुर्चीच्या पाठीवर अडकवलं तर खांद्यांना कोंब येतात. स्वेटर मात्र टांगू नका, लोंबून त्याची लांबी वाढते. घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवा. बॅगेतून न्यायचा तर बाह्या आत घेऊन गुंडाळी करा. बारीक विणीच्या स्वेटरची गुंडाळी पाण्याच्या लहान बाटलीएवढी होते आणि सुरकुत्या पडत नाहीत. ओल्या टी-शर्टापासून तो वेगळ्या पिशवीत असू द्या.

ही पद्धत कधी पुरत नाही?

हवा १९ अंशांच्या खाली असेल किंवा कोरडे कपडे घालूनही दोन तासांनी कुडकुडत असाल, तर पातळ थर वाढवण्यात अर्थ नाही. चौथ्या थरानंतर आतले थर दाबले जातात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि ऊब वाढण्याऐवजी फक्त हालचाल अडते. तिथे एक जाड जॅकेट ऑफिसातच ठेवा. आणि त्याआधी टेबलावर साधा थर्मामीटर दोन दिवस ठेवून सकाळ-दुपारचं तापमान लिहून काढा. ‘फार थंडी आहे’ या तक्रारीपेक्षा ‘या जागी १८.५ अंश आहे’ एवढं सांगितलं तर इमारतीची देखभाल करणाऱ्यांना व्हेंटची दिशा बदलणं सोपं जातं.